वाचक, तपासनीस, लेखनिक : संस्थेची वाटचाल आणि यंदाचे आवाहन

अंध मुलांच्या निवासी शाळांत ब्रेल शिकवतात आणि शाळेची क्रमिक पुस्तकेही ब्रेलमध्ये मिळतात. दहावी झाली की हेच विद्यार्थी चारचौघांच्या महाविद्यालयात दाखल होतात. तिथे प्राध्यापक फळ्यावर संदर्भग्रंथांची यादी लिहून देतात, आणि त्या यादीतले एकही पुस्तक त्यांना वाचता येत नाही. छापील एका पानाची ब्रेलमध्ये अडीच-तीन पाने होतात, तीही जाड कागदावर. अडीचशे पानांच्या ग्रंथाची चार-पाच बाडे होतात. दोघा-तिघा विद्यार्थ्यांसाठी एवढा खटाटोप कोणताही छापखाना करत नव्हता. मग वसतिगृहातल्या डोळस मित्राला गाठायचे आणि ‘जरा वाचून दाखव ना’ म्हणायचे. मित्र एरवी वाचायचा, पण परीक्षेच्या तोंडावर त्यालाही स्वतःचा अभ्यास असायचा, आणि वाचणाऱ्याची खरी गरज नेमकी तेव्हाच असायची.

पुण्यातल्या एका पेठेत, सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या खोलीत आपली संस्था सुरू झाली ती या अडचणीवर उपाय म्हणून. सुरुवातीच्या मंडळींत दोन निवृत्त शिक्षिका होत्या, बँकेतले एक गृहस्थ होते आणि वाचनालयाचे ग्रंथपाल होते. शनिवारी संध्याकाळी विद्यार्थी यायचे आणि समोर बसून पुस्तक ऐकायचे. अंध विद्यार्थी स्टायलसने टकटक करत ब्रेलमध्ये टिपणे काढत, म्हणून वाचणारा वाक्यावाक्याला थांबे. एका तासात सात-आठ पानेच होत. विद्यार्थी वाढले तसे एकेका वाचकाला एकेका विद्यार्थ्यासमोर बसवणे अशक्य झाले. त्यातून पुढची सगळी कामे उगवली. यंदा ज्या कामांसाठी माणसे हवी आहेत त्यांचे नियम आणि वेळापत्रक नीट कळायचे, तर ती कामे कशी घडत गेली हे आधी सांगावे लागेल.

कॅसेटची खोली

पहिला उपाय टेपरेकॉर्डरचा. एकदा वाचलेले पुस्तक चार जणांना देता येऊ लागले. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. छापील पान सावकाश वाचायला तीन मिनिटे लागतात, म्हणजे २४० पानांचे पुस्तक बारा तासांचे होते आणि त्याला आठ कॅसेटी लागतात. वाचकांना यातली खरी अडचण नंतर समजली. विद्यार्थ्याला बारा तास सलग ऐकायचे नसतात. त्याला परीक्षेच्या आदल्या रात्री चौथ्या प्रकरणातला एक मुद्दा हवा असतो, आणि कॅसेटला पान नसते.

म्हणून वाचण्याचे काही नियम ठरले. ते आजही आमच्या वाचकांना पहिल्या दिवशी सांगितले जातात. प्रत्येक बाजूच्या सुरुवातीला पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकरण आणि पृष्ठक्रमांक सांगायचा. पान उलटले की नवा क्रमांक म्हणायचा, कारण उत्तरपत्रिकेत किंवा निबंधात संदर्भ देताना तो लागतो. प्रकरणाच्या आरंभी काही सेकंद खालच्या पट्टीतला एकसुरी आवाज भरायचा. कॅसेट भरभर पुढे नेताना तो आवाज चिरकून ऐकू येतो आणि प्रकरण लागले हे कळते. परकी विशेषनामे आली की उच्चारानंतर त्यांचे स्पेलिंग सांगायचे. तळटीप आली की ‘तळटीप’ म्हणून वाचायची आणि ‘तळटीप समाप्त’ म्हणून मजकुरावर परत यायचे. पंखा बंद ठेवायचा, आणि तोंड ध्वनिग्राहकापासून वीतभर अंतरावर.

या कामाला येणाऱ्यांत नभोवाणीवर किंवा नाटकात काम करण्याची हौस असलेले बरेच असत. त्यांना आवाज चढवू-उतरवू नका असे समजावावे लागे. अभ्यासाचे पुस्तक चौथ्यांदा ऐकणाऱ्याला वाचकाचा अभिनय नकोसा होतो. एकसारखी गती आणि स्पष्ट शब्द मिळाले की त्याचे भागते.

फाँटची भानगड

संगणक आले तेव्हा आम्हाला वाटले होते की आता कॅसेटची कटकट संपली. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर इंग्रजीसाठी होतेच. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरची सुरुवात झाली आणि महागडे सॉफ्टवेअर न परवडणाऱ्या विद्यार्थ्यांचीही सोय झाली. मराठीची गाडी मात्र फाँटवर अडली.

मराठी प्रकाशनाची बहुतेक कामे तेव्हा डीटीपीच्या फाँटमध्ये होत. अशा फाइलीत पडद्यावर ‘क’ दिसत असला तरी संगणकाच्या लेखी तिथे एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असते, फाँट फक्त त्यावर ‘क’ रंगवतो. डोळ्याने वाचणाऱ्याला त्यात काही वावगे दिसत नाही. स्क्रीन रीडर मात्र आतले अक्षर वाचतो, म्हणून त्याच्या तोंडून इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन पाढा ऐकू येतो. एका प्रकाशकाने मोठ्या मनाने आपल्या पुस्तकाची फाइल दिली होती. ती उघडल्यावर विद्यार्थ्याला ऐकू आली ती अशीच बाराखडी.

यावरचा इलाज म्हणजे युनिकोड. त्यात प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक असतो, फाँट कोणताही लावा. जुन्या फाइली युनिकोडमध्ये उतरवणारी परिवर्तके आहेत, पण जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी यांत ती हमखास घोळ घालतात. म्हणजे मजकूर कुठूनही आला तरी शेवटी तो कुणीतरी माणसाने ओळीओळीने तपासावा लागतो. संस्थेचे काम तेव्हापासून वाचनाकडून तपासणीकडे सरकले. आज आमच्या स्वयंसेवकांचा सर्वांत जास्त वेळ तपासणीतच जातो.

ध्वनिमुद्रण त्यामुळे बंद पडले नाही, फक्त आटोपशीर झाले. मजकुराची फाइल हाती असली की विद्यार्थी हवा तो शब्द शोधू शकतो, शुद्धलेखन अक्षर-अक्षर ऐकू शकतो आणि सरावाने माणसाच्या बोलण्याच्या दुप्पट वेगाने ऐकतो. म्हणून इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र यांची पुस्तके फाइलीतच मागितली जातात. एम.ए. मराठीला ‘लीळाचरित्र’ किंवा ‘ज्ञानेश्वरी’ असते तेव्हा यंत्राचा आवाज जुन्या मराठीत अडखळतो, ओवीचा चरण कुठे संपतो हे त्याला कळत नाही. तिथे अजूनही माणूसच वाचतो.

कायद्याने काय बदलले

पुष्कळ वर्षे हे काम करताना एक धाकधूक असायची : पुस्तकाची अशी प्रत काढणे कायद्यात बसते का? २०१२ मध्ये प्रताधिकार कायद्यात दुरुस्ती झाली आणि अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तकाची प्रत करणे, ती नफा न घेता देणे, याला मोकळीक मिळाली. २०१३ मध्ये मराकेश येथे याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा भारत पहिला देश ठरला. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे देशभरातल्या सुलभ पुस्तकांचे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. त्यामुळे दुसऱ्या संस्थेने तयार केलेले पुस्तक पुन्हा करण्याचे कष्ट वाचतात. आता कोणतेही पुस्तक हाती घेण्यापूर्वी ते तिथे आहे का, हे आधी पाहिले जाते.

या मोकळिकीला एक अट आहे आणि ती स्वयंसेवकांनी कटाक्षाने पाळायची आहे. तयार झालेली फाइल ज्यांना छापील पुस्तक वाचता येत नाही त्यांच्यासाठीच असते. ‘माझ्या भाचीलाही हेच पुस्तक आहे’ म्हणून ती व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवता येत नाही.

एक पुस्तक कसे तयार होते

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचे इतिहासाचे पुस्तक घेऊ, २४० पानांचे. आधी त्याची पाने स्कॅन होतात. ३०० डीपीआयपेक्षा कमी घेतले तर अनुस्वार आणि रफार विरघळतात. पाने तिरकी आली तर ओळी एकमेकींत घुसतात. मग ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर काढणारे सॉफ्टवेअर चालवले जाते. छपाई स्वच्छ असेल तर शंभरातली नव्व्याण्णव अक्षरे बरोबर येतात. ऐकायला हे चांगले वाटते, पण एका पानावर सुमारे अठराशे अक्षरे धरली तर पानागणिक अठरा चुका उरतात.

त्यांतल्या ढोबळ चुका डोळ्याला लगेच खुपतात. अवघड असतात त्या दुसरा खरा शब्द तयार करणाऱ्या. ‘ध’चा ‘घ’ होतो आणि ‘धन’ हा ‘घन’ बनतो. ‘भरण’ असेल तिथे ‘मरण’ येते. ‘ख’चे दोन तुकडे पडून ‘खाना’चे ‘रवाना’ होते. शब्दतपासणीच्या सॉफ्टवेअरला यात काहीच गैर दिसत नाही, कारण हे सगळे शब्द कोशात आहेत. सगळ्यांत घातक चूक आकड्यांची. देवनागरी ‘९’ आणि ‘१’ यांत गफलत होऊन बंगालच्या फाळणीचे १९०५ हे साल ११०५ होते. डोळस विद्यार्थी अशी चूक पाहून हसेल आणि पुढे जाईल. फाइलीवरच विसंबणारा विद्यार्थी कमी परिचयाचे साल असेल तर तेच पाठ करील. म्हणून आमच्याकडे साले, कलमांचे क्रमांक आणि रकमा यांची वेगळी फेरी असते. त्या फेरीत मजकूर वाचायचा नाही, छापील पुस्तक शेजारी ठेवून फक्त आकडे जुळवायचे.

पहिल्या तपासणीला पानामागे बारा मिनिटे लागतात, म्हणजे २४० पानांना अठ्ठेचाळीस तास. दुसरी तपासणी नेहमी दुसऱ्या व्यक्तीकडे जाते, कारण स्वतः सुधारलेल्या पानावर नजर घसरते. तिला पानामागे पाच मिनिटे, एकूण वीस तास. मथळे, पृष्ठक्रमांक, तक्ते आणि चित्रांची वर्णने यांना आणखी सहा-सात तास लागतात. स्कॅनिंग धरून एका पुस्तकाला सुमारे पंचाहत्तर तास झाले. एकट्याने आठवड्याला तीन तास दिले तर सहा महिने लागतील आणि परीक्षा होऊन जाईल. आठ जणांनी तेवढाच वेळ दिला तर पहिली तपासणी दोन आठवड्यांत उरकते आणि सगळे पुस्तक पाच आठवड्यांच्या आत हाती पडते. शिवाय आम्ही प्रकरणे सुटी सुटी देतो, म्हणून पहिले प्रकरण दहा-बारा दिवसांत विद्यार्थ्याकडे पोहोचते. स्वयंसेवक किती हवेत याचे आमचे गणित हे असे आहे.

मथळ्यांचे एक सांगायला हवे. मथळा नुसता ठळक आणि मोठा केला तर स्क्रीन रीडरला तो मथळा आहे हे कळत नाही. वर्ड किंवा तत्सम सॉफ्टवेअरमध्ये त्याला मथळ्याची शैली लावावी लागते. ती लावली की विद्यार्थी एक कळ दाबून मथळ्या-मथळ्यावरून उडी मारत जातो. कॅसेटवरच्या त्या खालच्या पट्टीतल्या आवाजाची जागा आता या शैलीने घेतली आहे.

चित्राचे वर्णन हे तपासणीतले सर्वांत नाजूक काम आहे. भूगोलाच्या पुस्तकात महाराष्ट्राच्या पर्जन्याचा नकाशा असतो. नवा स्वयंसेवक लिहितो, ‘येथे महाराष्ट्राचा रंगीत नकाशा दिला आहे.’ यातून विद्यार्थ्याला काहीच मिळत नाही. गडद निळा, फिकट निळा असे रंग सांगूनही उपयोग नाही. नकाशा ज्यासाठी छापला आहे ती गोष्ट सांगायची : ‘पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना कोकणात पाऊस भरपूर, घाटमाथ्यावर सर्वाधिक, घाट उतरताच पर्जन्यछायेच्या पट्ट्यात एकदम कमी, आणि पुढे विदर्भाकडे पुन्हा वाढत जातो.’ चार ओळींत नकाशा डोक्यात उभा राहतो. नकाशात नसलेले स्वतःचे ज्ञान मात्र त्यात घालायचे नाही.

परीक्षेतला रायटर

नियमांत ‘लेखनिक’ लिहितात आणि विद्यार्थी ‘रायटर’ म्हणतात. संस्थेकडे सर्वांत जास्त विचारणा याच कामासाठी होते, आणि निवृत्त मंडळींची सर्वांत जास्त निराशाही इथेच होते. एम.ए. झालेले, अक्षर मोत्यासारखे, वेळ भरपूर, आणि तरी त्यांना रायटर म्हणून बसता येत नाही.

कारण नियमांत आहे. दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत लेखनिकाचे शिक्षण, गुण, वय यांवर बंधन घालू नये असे म्हटले होते. ऑगस्ट २०१८ च्या सूचनांनी ते बदलले आणि परीक्षार्थी स्वतःचा लेखनिक आणणार असेल तर त्याची पात्रता परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालची असावी असे ठरले. पुढेही नियम हलत राहिले आहेत, आणि प्रत्येक विद्यापीठ व आयोग आपापल्या सूचना काढतो. म्हणून आमचा दंडक असा की कोणालाही रायटर म्हणून नेमण्यापूर्वी त्या परीक्षेच्या त्या वर्षीच्या सूचना समोर ठेवायच्या. बाकी अनुभव सांगतो तो इतकाच की या कामाला नववी ते पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातली मुले-मुली लागतात.

कोणाला लेखनिक मिळावा, याची व्याप्तीही वाढली आहे. हाताने लिहिणे अवघड जाणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात, विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी निकाल दिला. कायद्याने ठरवलेल्या टक्केवारीत न बसणाऱ्या, पण लिहिण्यात खरी अडचण असलेल्या व्यक्तीलाही लेखनिक नाकारता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. त्यामुळे आता अंध विद्यार्थ्यांखेरीज इतरही आमच्याकडे येतात.

२०१८ च्या सूचनांप्रमाणे तासाला किमान वीस मिनिटे जादा वेळ मिळतो. तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. अकरा वाजता सुरू झालेला पेपर दोनऐवजी तीनला सुटतो. ओळखपत्र, छायाचित्र आणि लेखनिकाचा भरलेला फॉर्म घेऊन तासभर आधी पोहोचायचे असते. म्हणजे एका पेपरला जाण्या-येण्यासह सहा तास धरावेत.

पेपर असा चालतो. आधी सगळी प्रश्नपत्रिका गुणांसकट एकदा वाचून दाखवायची. क्रम विद्यार्थी ठरवतो. मग तो सांगेल ते, सांगेल तसे लिहायचे. त्याने साल चुकीचे सांगितले तरी तेच लिहायचे. चांगल्या मनाने दुरुस्त केले तरी तो गैरप्रकारच, आणि त्याचा भुर्दंड विद्यार्थ्याला बसतो. उलट त्याने बरोबर सांगितलेला शब्द आपण अशुद्ध लिहिला तर गुण त्याचे जातात. म्हणून अनोळखी शब्द आला की ‘कसा लिहू?’ असे विचारायचे. प्रत्येक उत्तर झाले की शेवटची दोन-तीन वाक्ये वाचून दाखवायची आणि दर अर्ध्या तासाने वेळ सांगायची.

स्पर्धा परीक्षेच्या बहुपर्यायी पेपरात दोन ठिकाणी घात होतो. ‘खालीलपैकी कोणते विधान अयोग्य आहे?’ यातला ‘अ’ घाईत वाचला की कानावर ‘योग्य’ पडते. असा शब्द तोडून, दोनदा वाचायचा, आणि चारही पर्याय ऐकवल्याखेरीज उत्तर घ्यायचे नाही. दुसरे म्हणजे विद्यार्थ्याने एखादा प्रश्न सोडला आणि रायटरने त्याची ओळ रिकामी ठेवली नाही, तर पुढची सगळी वर्तुळे एक घर सरकतात. दर दहा प्रश्नांनी प्रश्नाचा आणि ओळीचा क्रमांक जुळतो का ते पाहण्याची सवय आम्ही लावतो.

ऐनवेळी रायटर न येणे ही सर्वांत वाईट गोष्ट. म्हणून प्रत्येक पेपरला एक राखीव नाव ठेवले जाते, आणि दोघांनीही विद्यार्थ्याला आधी भेटून तासभर सराव केलेला असतो. आवाजाची, बोलण्याच्या वेगाची ओळख झालेली असली की परीक्षेत पहिला अर्धा तास वाया जात नाही.

यंदा कोणती माणसे हवीत

पहिली गरज तपासनिसांची. आठवड्याला तीन तास, घरी बसून, आपल्या सोयीने. तीन तासांत पंधरा पाने होतात. संगणक आणि मराठी युनिकोड टंकन येणे आवश्यक. इनस्क्रिप्ट किंवा मराठीतली इतर कोणतीही पद्धत चालेल. मोबाइलवर हे काम नीट होत नाही. शिक्षणाची वरची मर्यादा इथे नाही, आणि ज्या निवृत्त शिक्षकांना, मुद्रितशोधकांना रायटर होता येत नाही त्यांचा खरा उपयोग इथेच आहे.

दुसरी गरज दुसऱ्या तपासणीसाठी आणि चित्रवर्णनासाठी. आठवड्याला अडीच तास. पदवीपर्यंत भूगोल, अर्थशास्त्र किंवा विज्ञान शिकलेले असावे, कारण आलेख काय सांगतो हे आपल्याला कळल्याशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही.

तिसरे काम वाचकाचे. आठवड्याला दोन तास, शनिवारी संस्थेच्या खोलीत. त्यातून साधारण एक तासाचे स्वच्छ ध्वनिमुद्रण निघते, बाकीचा वेळ चुकलेली वाक्ये पुन्हा वाचण्यात जातो. जुने मराठी किंवा संस्कृत वाचण्याची सवय असलेल्यांची विशेष गरज आहे.

चौथे काम रायटरचे. हे दर आठवड्याचे नाही. सराव महिन्यातून एकदा दोन तास, आणि परीक्षेच्या हंगामात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च ते मे, आठवड्याला एक पेपर. वय अठराच्या आत असेल तर पालकांची सही लागेल. स्वतःच्या परीक्षेच्या तारखा आधीच कळवाव्यात, त्या आठवड्यांत नाव घातले जाणार नाही. प्रवासखर्च संस्था देते.

पाचवे काम समन्वयकाचे, आणि त्यासाठी दोघेच हवे आहेत. आठवड्याला चार तास. विद्यार्थ्याची मागणी नोंदवायची, पाने वाटायची, आलेली पाने जुळवायची आणि उशीर झालेल्यांना फोन करायचा.

सर्व कामे विनावेतन आहेत. विद्यार्थ्याकडून पैसे किंवा भेटवस्तू घ्यायची नाही. निदान एक सत्र पूर्ण करावे अशी अपेक्षा आहे. मध्येच थांबावे लागले तर पंधरा दिवस आधी कळवावे आणि हातातली पाने, झाली तेवढी आणि तशीच, परत द्यावीत. अर्धवट पाने चालतात, अडकून पडलेली पाने चालत नाहीत.

नाव कसे नोंदवायचे

या स्मरणिकेच्या शेवटी अर्जाचे पान जोडले आहे, ते फाडून किंवा त्याची झेरॉक्स काढून भरावे. त्यात नाव, फोन, शेवटची उत्तीर्ण परीक्षा, सध्या शिकत असल्यास वर्ष आणि शाखा, येणाऱ्या भाषा, आठवड्यातले मोकळे वार आणि निवडलेले काम लिहायचे आहे. शिक्षणाचा रकाना रायटरच्या बाबतीत काळजीपूर्वक भरावा, कारण कोणत्या परीक्षेला बसता येईल हे त्यावरूनच ठरते. एकापेक्षा जास्त कामांवर खूण केली तरी चालेल, पण पहिली पसंती कोणती ते लिहावे.

अर्ज शनिवारी दुपारी चार ते सात या वेळात संस्थेच्या खोलीत आणून द्यावा. सोबत ओळखपत्राची एक प्रत आणि एक छायाचित्र हवे. इतर दिवशी वाचनालयाच्या काउंटरवरच्या पेटीत टाकला तरी पोहोचतो.

अर्ज दिला त्याच दिवशी एक छोटी चाचणी होते. तपासनिसांना मुद्दाम चुका ठेवलेले एक पान छापील पानाशी ताडून पाहायला देतात. वाचकांकडून दहा मिनिटे वाचून घेतात. रायटरना वीस मिनिटे मजकूर सांगून लिहून घेतात, आणि सांगणारा आमचाच एखादा माजी विद्यार्थी असतो. अक्षर सुंदर नसले तरी चालते, पण ते सुवाच्य असावे आणि सांगितलेल्यापेक्षा एकही शब्द कमी-जास्त नसावा. चाचणीनंतर लागोपाठ दोन शनिवार प्रशिक्षण असते आणि तिसऱ्या आठवड्यापासून पाने हाती येतात.

महाविद्यालये जूनमध्ये सुरू झाली की जुलैत पुस्तकांच्या याद्या येऊ लागतात. याद्या आल्या त्या आठवड्यातच पाने वाटायची असतील तर चाचणी आणि प्रशिक्षण त्याआधी उरकलेले हवे. म्हणून यंदाचे अर्ज जूनच्या शेवटच्या शनिवारपर्यंत यावेत. रायटरचे अर्ज मात्र वर्षभर घेतले जातात.